आरोग्य विम्याची पॉलिसी वाचताना: खडा, साखर आणि खोलीचं भाडं

पॉलिसीचा लिफाफा किंवा पीडीएफ हातात आली की बहुतेकांची नजर विमा रकमेवर जाते. तीन लाख, पाच लाख, झालं. पण त्या कागदावर सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे एक तारीख. पॉलिसी पहिल्यांदा कधी सुरू झाली ती. यंदाच्या नूतनीकरणाची तारीख वेगळी असते. ही पहिली तारीख शेड्यूल नावाच्या एक-दोन पानांवर प्रत्येक माणसाच्या नावासमोर छापलेली असते. बायकोचं नाव दोन वर्षांनी घातलं असेल तर तिची तारीखही दोन वर्षांनी पुढची. प्रतीक्षा काळाचं, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळायला किती थांबायचं याचं, सगळं गणित या तारखेपासून सुरू होतं, म्हणून आधी ती पेनाने गोल करून ठेवा.

पॉलिसीचे कागद दोन प्रकारचे असतात. शेड्यूलमध्ये तुमची माहिती असते: नावं, रक्कम, तारखा, तुम्ही सांगितलेले आजार. दुसरी ती तीस-चाळीस पानी शर्तींची पुस्तिका, जिला कंपनीवाले पॉलिसी वर्डिंग म्हणतात. क्लेम पास होतो किंवा कापला जातो तो या पुस्तिकेवर. एजंटने दिलेल्या रंगीत माहितीपत्रकाला क्लेमच्या वेळी कोणी विचारत नाही. यांच्यासोबत कस्टमर इन्फर्मेशन शीट नावाचा छोटा सारांशही येतो आणि तो मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावा असा नियम आहे. मराठीतली प्रत ईमेल करून मागा. मात्र कापाकापीचा बारकावा सारांशात मावत नाही, त्यासाठी पुस्तिकाच उघडावी लागते.

ती पहिल्या पानापासून वाचू नका. सुरुवातीची आठ-दहा पानं व्याख्यांची असतात आणि तिथेच माणूस कंटाळतो. मोबाईलवर पीडीएफ उघडा, शोधायच्या चौकटीत `Excl02` टाइप करा आणि थेट तिथे जा. २०२० पासून विमा नियामकाने म्हणजे आयआरडीएआयने वगळलेल्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आहे. प्रत्येक कलमाला ठरलेला क्रमांक आहे, `Excl01` ते `Excl18`. त्यामुळे एक पॉलिसी नीट वाचता आली की दुसऱ्या कंपनीची वाचायला वेळ लागत नाही.

या अठरांपैकी पहिली तीन कलमं प्रतीक्षा काळाची आहेत. म्हणजे ती कायमची बंदी नव्हे, ठरावीक मुदतीपुरती आहेत.

`Excl03` सगळ्यात सोपं. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस आजारपणाचा खर्च मिळत नाही, अपघाताचा मात्र मिळतो. नूतनीकरण वेळेवर केलं तर ते तीस दिवस पुन्हा मोजले जात नाहीत.

`Excl02` म्हणजे ठरावीक आजारांची यादी. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, पित्ताशयातले खडे, गर्भाशयाची पिशवी काढणं, गुडघेबदल, अशी नावं त्यात असतात. मुदत बहुतेक पॉलिसींत चोवीस महिने असते, जास्तीत जास्त छत्तीस महिने ठेवता येते. या यादीला तुमची तब्येत आधी कशी होती याच्याशी देणंघेणं नाही. ठणठणीत माणसाला पॉलिसीच्या दुसऱ्या वर्षी हर्निया झाला तरी मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. हेच आजार अपघाताने उद्भवले तर मात्र यादी लागू होत नाही. यादी प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते, म्हणून ती शब्दन् शब्द वाचा. घरात ज्याची शक्यता वाटते ते नाव दिसलं की खूण करा.

`Excl01` आधीपासूनच्या आजारांचं. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या छत्तीस महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर उपचार सांगितले वा घेतले असा आजार यात येतो. त्याचा आणि त्यातून थेट होणाऱ्या गुंतागुंतीचा खर्च ठरलेली मुदत संपल्यावरच मिळतो. एप्रिल २०२४ च्या नियमांनी या मुदतीची कमाल मर्यादा अठ्ठेचाळीस महिन्यांवरून छत्तीसवर आणली. बीपी, साखर, थायरॉईड ही नेहमीची उदाहरणं. इथे एक अट अगदी स्पष्ट लिहिलेली असते. मुदत संपल्यावर खर्च मिळतो तो अर्जात सांगितलेल्या आणि कंपनीने मान्य केलेल्या आजारांचाच. त्यामुळे ‘साखर लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवावं.

आता `Excl01` आणि `Excl02` एकत्र आले तर? याचं उत्तर `Excl02` च्या मजकुरात एका ओळीत दडलेलं असतं आणि ती ओळ लोक हमखास वगळतात: यादीतला आजार आधीपासूनचाही असेल, तर दोन मुदतींपैकी जी जास्त ती लागू.

हे सगळं एका उदाहरणावर बसवून पाहू. माणूस काल्पनिक आहे, पण अशा फायली माझ्या टेबलावर नेहमी येतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणारे सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ. पॉलिसी पहिल्यांदा १२ नोव्हेंबर २०२३ ला घेतली, विमा रक्कम तीन लाख. अर्जात साखर असल्याचं लिहिलं आहे. यादीतल्या आजारांना चोवीस महिने, आधीच्या आजारांना छत्तीस महिने. खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजारांपर्यंत.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सर्जन म्हणाले, पिशवी काढावी लागेल, पण आज-उद्याची घाई नाही.

खडे यादीत आहेत. चोवीस महिने ११ नोव्हेंबर २०२५ ला भरतात. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन केलं तर एक रुपयाही मिळणार नाही, डिसेंबरमध्ये केलं तर क्लेम बसतो. निदान मुदतीच्या आत झालं म्हणून अडत नाही, कारण कलम उपचाराच्या खर्चाबद्दल बोलतं. फक्त थांबायचं की नाही हे सर्जनने ठरवायचं, पॉलिसीने नव्हे. ताप, कावीळ, सतत उलट्या असं काही सुरू झालं तर कॅलेंडर बाजूला ठेवून ॲडमिट व्हायचं.

साखरेची मुदत मात्र ११ नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. म्हणून कंपनी खड्याचं ऑपरेशन नाकारू शकते का? नाही. पित्ताशयातले खडे ही साखरेची थेट गुंतागुंत नाही. साखर आटोक्यात आणायला दोन दिवस आधी भरती करून घेतलं, तर त्या दोन दिवसांवर प्रश्न येऊ शकतो, तेवढंच.

आता हेच उदाहरण थोडं बदला. समजा २०२२ मध्ये दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले होते आणि डॉक्टरांनी पुढे बघू म्हटलं होतं. तेव्हा त्रास नव्हता म्हणून गृहस्थ विसरून गेले. तरी पॉलिसीच्या आधीच्या छत्तीस महिन्यांत निदान झालेलं आहे. म्हणजे खडा आधीपासूनचा ठरतो आणि जास्तीची मुदत, नोव्हेंबर २०२६, लागू होते. वर अर्जात तो लिहिला नव्हता ही लपवाछपवी म्हणून निघते, आणि ती बाजू जास्त जड जाते. म्हणून अर्ज भरण्याआधी घरातले तीन वर्षांचे रिपोर्ट समोर घेऊन बसावं. आठवणीवर भरू नये.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो तो पॉलिसीत नाही, दवाखान्याच्या केस पेपरवर. भरती करताना निवासी डॉक्टर विचारतात, ‘साखर किती वर्षांपासून?’ सोबत आलेला मेहुणा म्हणतो, ‘लई वर्षं झाली की, धा तरी असतील.’ कागदावर ‘मधुमेह, दहा वर्षं’ असं उमटतं. अर्जात ‘२०२१ पासून’ लिहिलेलं असतं. कंपनीकडे केस पेपर गेला की पहिली शंका इथेच निघते आणि कॅशलेस तिथेच अडकतं. उपाय साधा आहे. इतिहास सांगायचं काम रुग्णाने किंवा घरातल्या माहीतगार माणसाने करावं आणि पहिल्या निदानाचा रिपोर्ट सोबत न्यावा. चुकीचं लिहिलं गेलंच, तर डिस्चार्जच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो रिपोर्ट दाखवून सहीशिक्क्याचं दुरुस्तीचं पत्र घ्यावं. डिस्चार्जनंतर दुरुस्ती मागितली की ती संशयाने बघितली जाते.

आता सब-लिमिटकडे, म्हणजे विमा रकमेच्या आत एकेका खर्चाला घातलेल्या वेगळ्या मर्यादेकडे. यासाठी पीडीएफमध्ये `room rent` आणि `proportionate` हे शब्द शोधा. माझ्या मते नवख्या माणसाने पुस्तिकेतलं एकच पान वाचायचं ठरवलं तर ते हे असावं.

खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे म्हणजे वरचं भाडं आपण भरायचं, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की सोबतचे काही खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात, कारण बऱ्याच रुग्णालयांत खोली बदलली की सर्जनची, भूलतज्ज्ञाची आणि ऑपरेशन थिएटरची फीसुद्धा बदलते.

आपल्या गृहस्थांनी डिसेंबरमध्ये ऑपरेशन केलं. पाहुणेरावळे येणार, डबा घेऊन बहीण थांबणार, म्हणून स्वतंत्र खोली घेतली, दिवसाला पाच हजारांची. तीन दिवस राहिले. बिल असं आलं, समजा: खोली पंधरा हजार, सर्जन आणि मदतनीस चाळीस हजार, भूलतज्ज्ञ दहा हजार, थिएटर वीस हजार, डॉक्टरांच्या भेटी पाच हजार, औषधं अठरा हजार, तपासण्या नऊ हजार, आणि हातमोजे, मास्क, डायपर वगैरे तीन हजार. एकूण १,२०,०००.

पाच हजारांच्या खोलीला तीन हजारांची परवानगी म्हणजे प्रमाण साठ टक्के. खोलीचे नऊ हजार मिळतात. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, भेटी मिळून पंचाहत्तर हजार होतात, त्याचे साठ टक्के म्हणजे पंचेचाळीस हजार मिळतात. औषधं आणि तपासण्यांचे सत्तावीस हजार पूर्ण मिळतात. तीन हजारांच्या किरकोळ वस्तू पॉलिसीत धरल्याच जात नाहीत, त्यांचे शून्य. बेरीज ८१,०००. खिशातून गेले ३९,०००.

खोलीतला फरक होता फक्त सहा हजारांचा. त्याच्यापायी वर तीस हजार गेले.

ही कापणी कुठे लागत नाही हेही नियमात आहे आणि ते पाठ असलेलं बरं. औषधं, वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. आणि आपल्याकडच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात लागू होत नाही. सात रस्ता, मुरारजी पेठ भागातल्या लहान सर्जिकल हॉस्पिटलमध्ये जाताना हे जरूर विचारा. जनरल वॉर्ड असो की स्पेशल, ऑपरेशनचा दर एकच असेल, तर तसं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या किंवा दरपत्रकाची प्रत घ्या. कंपनीने प्रमाण लावून कापलं तर तो एक कागद पुढे केला की कपातीचा आधारच जातो.

म्हणून भरतीच्या वेळी काउंटरवर म्हणायचं वाक्य असं: ‘आमची मर्यादा दिवसाला तीन हजार आहे, त्यात बसणारी खोली द्या, नसेल तर तसं लिहून द्या.’ भाड्यात नर्सिंगचे पैसे धरलेत की वेगळे लावणार तेही विचारा, कारण काही पॉलिसींत मर्यादा दोन्ही मिळून असते. अडीच हजारांची खोली आणि आठशे नर्सिंग झालं की तीन हजारांची रेघ ओलांडलीच.

बाकीच्या सब-लिमिट समजायला सोप्या आहेत, फक्त ‘यापैकी जे कमी असेल ते’ हे शब्द शोधायचे. सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच शर्तींवर मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या पंचवीस टक्के किंवा चाळीस हजार, यापैकी कमी असेल ते मिळतं. आईची एक लाखाची पॉलिसी असेल तर पंचवीस हजार, चाळीस नव्हे. वर पाच टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतलाही विसावा हिस्सा आपला. भारी लेन्स निवडण्याआधी हा हिशेब घालावा.

सोलापूरकरांनी को-पेच्या पानावर आणखी एक गोष्ट बघायची: `zone` हा शब्द. काही कंपन्या शहरांचे गट करून हप्ता ठरवतात. सोलापूरचा पत्ता दिला की हप्ता कमी बसतो, पण मोठं दुखणं निघालं की आपण पुणं किंवा मुंबई गाठतो. अशा काही पॉलिसींत महागड्या गटाच्या शहरात उपचार घेतले की मंजूर रकमेचा ठरावीक टक्का तुमच्या अंगावर येतो. हे कलम असेल तर थोडा जास्त हप्ता भरून ते काढून घेता येतं का, हे पॉलिसी घेतानाच विचारावं. नियोजित ऑपरेशन पुण्याला करायचं असेल तर हा टक्का आधी धरून ठेवावा.

कायमच्या वगळलेल्या गोष्टींची यादी, `Excl04` पासून पुढची, लांबलचक दिसते पण बहुतेकांचं तिच्याशी भांडण होत नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबरचा चष्मा घालवणं, वंध्यत्वावरचे उपचार, हे वाचलं की कळतं. एकाच कलमाकडे लक्ष द्या, `Excl04`. मुख्यतः तपासण्यांसाठी झालेली भरती त्यात वगळलेली आहे. चक्कर आली, दोन दिवस ॲडमिट केलं, एमआरआय आणि रक्ताच्या चाचण्या झाल्या, सलाईन नाही, इंजेक्शन नाही, गोळ्या देऊन घरी पाठवलं. असा क्लेम इथे अडकतो. भरती का गरजेची होती आणि रोज काय उपचार दिले, हे डिस्चार्ज समरीत आलं पाहिजे. अर्थात उपचार खरंच झाले असतील तरच. न दिलेलं सलाईन कागदावर आणायला सांगणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. कंपनी नर्सिंगचे तक्ते आणि औषधांची बिलं जुळवून बघते.

पॉलिसी जुनी होत जाते तसं काय बदलतं, हे थोडक्यात. सलग साठ महिने झाले की न सांगितलेल्या किंवा चुकीच्या माहितीच्या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. पण खोलीची मर्यादा, को-पे आणि कायमची वगळलेली यादी साठ महिन्यांनंतरही तशीच राहते. विमा रक्कम वाढवली तर वाढीव रकमेपुरता प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. म्हणजे तीनाचे पाच लाख केले, की वरचे दोन लाख आधीच्या आजारांसाठी लगेच मोजू नका. दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं तर भरलेला काळ सोबत येतो, जुन्या रकमेपुरता. आणि हप्ता चुकला तर वार्षिक पॉलिसीला तीस दिवसांची सवलत असते. त्यात भरला तर मोजलेले महिने वाया जात नाहीत, पण त्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाला संरक्षण नसतं.

पॉलिसी नवीन असेल तर हे वाचन पहिल्या तीस दिवसांत उरका. कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. काही वजावट होऊन हप्ता परत मिळतो. एक टक्क्याची खोली किंवा शहरगटाचा को-पे दिसला आणि पटला नाही, तर हीच वेळ.

क्लेम कापला गेला तर फोनवर वाद घालत बसू नका. लेखी कारण मागा आणि त्यात कलमाचा क्रमांक असलाच पाहिजे, कारण नाकारताना नेमकी कोणती शर्त लावली हे सांगणं कंपनीला बंधनकारक आहे. ते कलम आपल्या पुस्तिकेत उघडून शब्द जुळवा. ‘पॉलिसीच्या अटींनुसार’ एवढंच लिहून आलं असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा आणि सोबत शेड्यूलमधली पहिली तारीख, निदानाचा पहिला रिपोर्ट आणि खोलीच्या दराचं पत्र जोडा. नकार आला, किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. तक्रार `cioins.co.in` वर घरबसल्या दाखल होते, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची. म्हणून नकाराचा तो ईमेल डिलीट करू नका, आणि पत्र टपालाने आलं असेल तर लिफाफ्यासकट ठेवा, त्यावरच्या शिक्क्याची तारीख लागते.